हिमोग्लोबिन चौदा, तरीही रक्तस्राव?

अपघात झाला, झाडावरून पडले, पोटाला मार लागला किंवा बाळंतपणानंतर अंगावरून जास्त गेले, की आजकाल पहिली मागणी रक्त तपासण्याची होते. तपासणी करावीच. पण रिपोर्ट हातात आल्यावर त्यातला हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा वाचला जातो आणि तो तेरा-चौदा असला की नातेवाईक निश्चिंत होतात. "रक्त भरपूर आहे, घाबरण्यासारखे काही नाही," असे कोणीतरी म्हणतो आणि रुग्णाला घरी नेण्याची तयारी सुरू होते.

दुसरी तक्रार याच्या अगदी उलट असते. रुग्णाला दवाखान्यात दाखल केले तेव्हा हिमोग्लोबिन चौदा होते. सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या आणि ते अकरावर आले, दुसऱ्या दिवशी दहाच्याही खाली गेले. मग डॉक्टरांकडे संशयाने पाहिले जाते. "चांगले रक्त होते, पाणी चढवून पातळ केले," असे तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी कितीतरी वेळा ऐकले आहे.

या दोन्ही गैरसमजांचे मूळ एकच आहे. हिमोग्लोबिनचा आकडा नेमके काय सांगतो हे नीट ध्यानात न घेतल्याने ते होतात. आजच्या लेखात तेवढेच पाहू.

आकडा प्रतीचा, मापाचा नव्हे

हिमोग्लोबिन १४ याचा अर्थ दर शंभर मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. शरीरात एकूण रक्त किती आहे, हे या आकड्यात कुठेच येत नाही.

आपला जिल्हा दुधाचा आहे, म्हणून दुधाचेच उदाहरण घेऊ. चाळीस लिटरचा कॅन भरून दूध निघाले, फॅट ४ लागते. वाटेत मोटारसायकल कलंडली आणि बारा लिटर दूध सांडले. उरलेले अठ्ठावीस लिटर संकलन केंद्रावर नेऊन फॅट लावली तर किती येईल? चारच येईल. सांडताना साय वेगळी आणि पाणी वेगळे सांडत नाही, आहे तसे दूध सांडते. त्यामुळे उरलेल्या दुधाची प्रत तीच राहते. नुकसान फक्त मापात दिसते. आता कोणी त्या कॅनमध्ये बारा लिटर पाणी ओतून तो पुन्हा काठोकाठ भरला, तर फॅट २.८ वर येईल. फॅट आता उतरली, पण दूध आधीच सांडले होते. पाण्याने ते नुकसान आकड्यात दाखवले, इतकेच.

रक्ताचेही असेच आहे. साठ किलो वजनाच्या धडधाकट माणसाच्या अंगात साधारण ४.२ लिटर रक्त असते. हिमोग्लोबिन १४ असेल तर सगळे मिळून सुमारे ५८८ ग्रॅम हिमोग्लोबिन झाले. समजा, त्याचे १.२ लिटर रक्त वाहून गेले. त्याबरोबर १६८ ग्रॅम हिमोग्लोबिन गेले. उरले तीन लिटर रक्त आणि ४२० ग्रॅम हिमोग्लोबिन. या क्षणी बोटातून किंवा शिरेतून रक्त घेऊन तपासले तर आकडा १४ च येतो. यंत्र बरोबर आहे, लॅबवालाही बरोबर आहे. मात्र त्या माणसाचे पावाहून जास्त रक्त गेलेले आहे.

पुढे अंगातले पाणी रक्तात येऊन, किंवा बाहेरून सलाईन देऊन, एकूण माप पुन्हा ४.२ लिटर झाले की तेच ४२० ग्रॅम हिमोग्लोबिन जास्त द्रवात पसरते आणि आकडा १० येतो. म्हणजे 'दहा' ही स्थिती पहिल्या तासातच ठरून गेली होती. आकड्याला ती दाखवायला वेळ लागला.

शरीर स्वतःच रक्त पातळ करते

सलाईन अजिबात लावले नाही तरी हिमोग्लोबिन उतरतेच, फक्त सावकाश उतरते. ते का, हे समजून घेण्यासारखे आहे.

रक्त कमी झाल्याचे शरीराला काही सेकंदांत कळते. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारी संवेदनाकेंद्रे असतात. ती मेंदूला इशारा देतात. हृदय जोरात धावू लागते. हातापायाच्या आणि कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे उरलेले रक्त मेंदू आणि हृदय यांच्याकडे वळते. रुग्णाचे तळवे थंडगार आणि घामट लागतात, चेहरा पांढरा पडतो, ते यामुळेच.

वाहिन्या आकसल्या की पुढच्या केशवाहिन्यांमधला दाब घटतो. एरवी या दाबामुळे रक्तातले थोडे पाणी सतत बाहेर पेशींच्या भोवती झिरपत असते, आणि रक्तातली प्रथिने ते परत आत ओढत असतात. दोघांचा समतोल असतो. दाब घटला की ओढ भारी पडते आणि पेशींभोवतीचे पाणी उलट रक्तात शिरू लागते. त्याच वेळी मूत्रपिंडे पाणी व मीठ राखून ठेवतात, म्हणून लघवी कमी होते. घशाला कोरड पडते आणि रुग्ण पाणी पाणी करतो.

हे पाणी किती वेगाने येते? बोस्टनचे शल्यविशारद फ्रान्सिस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांचे दहा ते वीस टक्के रक्त काढून याचे मोजमाप केले. ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ताशी साधारण शंभर मिलिलिटर पाणी रक्तात येते, पुढे वेग मंदावतो आणि तूट भरून यायला दीड दिवसाच्या आसपास लागतो. आपल्या उदाहरणातल्या माणसात पहिल्या तासात शंभर मिलिलिटर आले, तर ४२० ग्रॅम हिमोग्लोबिन ३.१ लिटरमध्ये पसरले. आकडा आला साडेतेरा. साडेतेराचा रिपोर्ट पाहून कोणाला शंका येईल?

गावातल्या रक्तदान शिबिरातही हेच घडते. साडेतीनशे मिलिलिटर रक्त दिल्यावर लगेच हिमोग्लोबिन तपासले तर जवळपास पूर्वीइतकेच येते. दोन दिवसांनी तपासले तर साधारण एक ग्रॅमने कमी भरते. रक्त मात्र पिशवीत गेले ते पहिल्याच दिवशी.

एका रुग्णाची हकीकत

आमच्या भागातील एका तरुणाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव देत नाही. वय अठ्ठावीस, वजन साठ किलो, उसाच्या फडातून घरी निघालेला. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास मोटारसायकल घसरली आणि हँडलचा मार डाव्या बरगड्यांखाली बसला. वरून जखम नव्हती, फक्त खरचटले होते. भावाने वाटेतच रक्त तपासून घेतले आणि पाऊण तासाने दोघे माझ्याकडे आले.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १३.९. भाऊ म्हणाला, "डॉक्टर, रक्त तर चांगलं आहे. एक दुखायचं इंजेक्शन द्या, सकाळी बघू."

मी रिपोर्ट बाजूला ठेवून रुग्णाचा हात हातात घेतला. तळवा थंड आणि ओलसर. नाडी मिनिटाला ११६. ब्लडप्रेशर ११८/९२. श्वास मिनिटाला २४. डाव्या बरगड्यांखाली दाबले की तो कळवळत होता. आणखी एक तक्रार त्याने आपणहून सांगितली. डावा खांदा दुखतो, पण खांद्याला तर काही लागलेले नाही.

यातली प्रत्येक गोष्ट रिपोर्टच्या विरुद्ध साक्ष देत होती. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, आपल्याकडे जुनी माणसे तिला पाणथरी म्हणतात. ती रक्ताने भरलेली आणि नाजूक असते. ती फाटली की रक्त पोटात साचते, श्वासपटलाच्या खालच्या बाजूला लागते, आणि तिथली वेदना मज्जातंतूंच्या वाटेने खांद्यावर जाणवते. बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही.

ब्लडप्रेशरचा वरचा आकडा ११८ म्हणजे उत्तमच, असे कोणालाही वाटेल. पण वरच्या आणि खालच्या आकड्यांत एरवी चाळीसच्या आसपास अंतर असते, इथे ते सव्वीसवर आले होते. आकसलेल्या वाहिन्यांमुळे खालचा आकडा चढतो आणि हृदयात भरायला रक्त कमी पडल्यामुळे वरचा आकडा उतरण्याच्या वाटेवर असतो. तरुण माणूस असा दाब बराच वेळ टिकवून धरतो. एकूण रक्ताच्या साधारण तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा फारसा ढळत नाही, आणि ढळतो तेव्हा एकदम ढळतो.

आणखी एक सोपा हिशेब आहे, त्याला कागदही लागत नाही. नाडीला ब्लडप्रेशरच्या वरच्या आकड्याने भागायचे. निरोगी माणसात नाडी ७५ आणि वरचा दाब १२० असतो, उत्तर ०.६ च्या आसपास येते. ते ०.९ च्या वर गेले की रक्तस्रावाची शंका घ्यावी. या मुलात ११६ भागिले ११८, म्हणजे जवळजवळ एक. नाडीचा आकडा दाबाच्या आकड्याला गाठत होता.

दोन्ही हातांना जाड सुया लावून एक सलाईन सुरू केले, तोंडाने काही द्यायचे नाही असे बजावले, चिठ्ठीवर वेळेसह सगळे आकडे लिहिले आणि त्यांना थेट जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात रवाना केले. शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले तरी गाडीवाल्याला "नगरला चल" असेच सांगितले गेले.

रात्री आठ वाजता ते पोहोचले तेव्हा एक लिटर सलाईन गेले होते. नाडी १३२, ब्लडप्रेशर ९४/७०, हिमोग्लोबिन ११.४. सोनोग्राफीत पोटात द्रव दिसला. शस्त्रक्रियेत प्लीहेला मोठी चीर आढळली, पोटात दीड लिटरहून अधिक रक्त होते. प्लीहा काढावी लागली. रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. मुलगा वाचला.

सलाईनने रक्त कमी केले काय?

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "डॉक्टर, काल १३.९ होतं. दोन पिशव्या रक्त चढवलं तरी आज ९.८ आहे. ते रक्त गेलं कुठं?" तिसऱ्या दिवशी आकडा ९.४ झाला, तेव्हा तो अधिकच धास्तावला.

प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याला जो हिशेब सांगितला तो असा. पहिल्या पाऊण तासात सुमारे पाऊण लिटर रक्त गेले असावे. ते घट्ट होते, म्हणून आकडा हलला नाही. पुढच्या दोन तासांत जवळपास तेवढेच आणखी गेले. तोवर सलाईन आणि अंगातले पाणी मिसळू लागले होते, म्हणून आकडा ११.४ झाला. शस्त्रक्रियेपर्यंत आणखी अर्धा लिटर धरा. सगळे मिळून अडीचशे ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन शरीराने गमावले. आपल्याकडच्या साडेतीनशे मिलिलिटरच्या एका पिशवीतून साधारण ४५ ग्रॅम हिमोग्लोबिन मिळते, दोन पिशव्यांतून नव्वद. म्हणजे तूट निम्मीसुद्धा भरली नाही. सकाळपर्यंत रक्ताचे माप पूर्ण भरले आणि खरी शिल्लक आकड्यात आली.

मग सलाईन द्यायचेच कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर हृदयाच्या कामात आहे. हृदय हा पंप आहे. विहिरीत पाणीच नसेल तर मोटर चालू ठेवून उपयोग नाही. अंगात रक्ताचे माप भरलेले असेल तर हिमोग्लोबिन आठ असतानाही एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या मेंदूला, मूत्रपिंडांना पुरेसा प्राणवायू पोहोचतो. उलट हिमोग्लोबिन चौदा असून माप निम्म्यावर आले तर घट्ट रक्तसुद्धा फिरू शकत नाही आणि माणूस दगावतो. सुरुवातीच्या तासांत प्राण माप घटल्याने जातात, प्रत घटल्याने नव्हे.

मात्र सलाईनला मर्यादा आहे. सलाईन हे मिठाचे पाणी. दिलेल्या एका लिटरमधले तासाभराने पाव ते एक तृतीयांशच रक्तवाहिन्यांत राहते, बाकीचे पेशींभोवती झिरपते. शिवाय त्यात रक्त गोठवणारे घटक नसतात. बाटल्यांमागून बाटल्या लावल्या तर उरलेले घटकही विरळ होतात, दाब एकदम वाढून धरलेली गुठळी सुटू शकते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. म्हणून पूर्वी पाच-सहा बाटल्या धडाधड सोडल्या जात, ती रीत आता मागे पडली आहे. रक्तस्राव चालू आहे तोवर मेंदूपर्यंत रक्त पोहोचेल इतपतच दाब राखायचा, वाहणारी जागा लवकर बंद करायची आणि रक्त लवकर द्यायचे, असा आजचा प्रघात आहे. "बाटली लावली आहे, आता सकाळपर्यंत थांबू," हा विचार म्हणूनच धोक्याचा. बाटली प्रवासापुरता वेळ देते. फाटलेली प्लीहा ती शिवत नाही.

उतरणारा आकडा कधी धोक्याचा, कधी नाही

तिसऱ्या दिवशीचे ९.४ पाहून पुन्हा रक्त वाहते आहे काय, ही शंका रास्त होती. ती आकड्यावरून सुटत नाही, रुग्णावरून सुटते. त्या दिवशी मुलाची नाडी ८८ होती, ब्लडप्रेशर १२०/७८, हातपाय ऊबदार, लघवी मोकळी, पोट मऊ. अशा वेळी उतरलेले हिमोग्लोबिन म्हणजे पाणी मिसळण्याचे काम पूर्ण होणे होय. हीच उतरण नाडी वाढत, लघवी कमी होत, पोट फुगत आली असती, तर पुन्हा रक्तस्राव चालू आहे असे समजून धावपळ करावी लागली असती.

वाचकांनी याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. पहिल्या तासात हिमोग्लोबिन नॉर्मल आले तर रक्तस्राव नाही असे म्हणता येत नाही. पण पहिल्याच तासात ते नऊ-दहा आले, तर ते कधीही हलके घेऊ नये. फार वेगाने आणि फार मोठा रक्तस्राव असेल तर अंगातले पाणीही वेगाने रक्तात शिरते आणि आकडा लवकर उतरतो. अर्थात आपल्याकडे अनेक स्त्रियांचे हिमोग्लोबिन मुळातच नऊ-दहा असते. म्हणून जुना रिपोर्ट असेल तर तो बरोबर न्यावा, आणि एका आकड्यावर न थांबता दोन-तीन तासांनी पुन्हा तपासावे. एका आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक सांगते.

बाळंतिणीच्या बाबतीत

हा फसवा आकडा सर्वांत जास्त घात करतो तो बाळंतपणानंतर. गर्भारपणात स्त्रीच्या अंगातले रक्त चाळीस टक्क्यांहून अधिक वाढते. त्यामुळे बाळंतपणात एक लिटर रक्त गेले तरी ती बराच वेळ बोलत-चालत राहते, दाबही टिकतो, हिमोग्लोबिनही बदलत नाही. मग ती एकदम कोसळते.

मग मोजायचे काय? याचे चांगले उत्तर आपल्या शेजारच्या बेळगावातून आले आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह एक साधी वस्तू वापरात आणली. प्लास्टिकचे कापड, त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. बाळ जन्मले की ते बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायचे. वाहिलेले रक्त पिशवीत जमते आणि आकडा समोर दिसतो. नजरेने केलेला अंदाज आणि या पिशवीतले मोजमाप यांची तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली. नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरत होता. चादरीत, फडक्यांत मुरलेले रक्त अनुभवी डोळ्यालाही कमीच वाटते.

त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बाळंतिणींचा अभ्यास आला. ही बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रांत, नर्सबाईंच्या हातून झाली होती. निम्म्या जणींना बाळ जन्मल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉल हे गर्भाशय आवळणारे औषध तोंडाने दिले, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. अर्ध्या लिटरहून अधिक रक्तस्राव औषध न मिळालेल्यांत १२ टक्के, तर मिळालेल्यांत ६.४ टक्के जणींना झाला. हा फरक कळला तो रक्त खुणांच्या पिशवीत मोजल्यामुळे. त्याच वेळी हिमोग्लोबिन तपासून तो कळला नसता.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत अशीच खुणांची पिशवी आणि रक्तस्राव दिसताच सर्व उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत वापरून दोन लाखांहून अधिक बाळंतपणे तपासली गेली. २०२३ साली आलेल्या त्या निष्कर्षानुसार मोठा रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण साठ टक्क्यांनी घटले.

घरच्यांनी काय पाहावे

आपला जिल्हा मोठा. अकोले किंवा जामखेड तालुक्यातल्या आडबाजूच्या वाडीवरून जिल्ह्याच्या गावी पोहोचायला दोन-तीन तास सहज जातात, आणि हिमोग्लोबिन फसवते ते नेमके याच दोन-तीन तासांत. म्हणून मार लागल्यावर, बाळंतपणानंतर, पाळी चुकलेल्या बाईला अचानक पोटात दुखून चक्कर आली तर, किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

नाडी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. मोठ्या माणसाची नाडी स्वस्थ पडूनही शंभरच्या वर राहत असेल आणि दर वेळी वाढतच असेल तर थांबू नका. तळवे थंड व घामट आहेत का, हे हात लावून पाहा. रुग्ण वारंवार पाणी मागतो का, जांभया देतो का, बेचैन होऊन बडबडतो का, उठून बसवताच त्याला चक्कर येते का, शेवटची लघवी किती वाजता झाली, याकडे लक्ष द्या. यातली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तर रिपोर्ट कितीही चांगला असो, रुग्णाला आडवे ठेवून १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि जेथे शस्त्रक्रिया व रक्त दोन्हीची सोय आहे तेथेच न्या. आधी छोट्या दवाखान्यात, मग मोठ्या, असे टप्पे करत बसू नका.

एक सावधगिरी. ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसांत रक्त जाऊनही नाडी ऐंशीच्या पुढे जात नाही. अशा रुग्णाच्या गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांना दाखवा आणि नाडीवर विसंबू नका.

रुग्ण घरी आल्यानंतर गेलेल्या लाल पेशी भरून यायला वेळ लागतो. हाडांतला मगज आठवडाभरात जोमाने कामाला लागतो, पण त्याला लोह हवे. रक्ताच्या एका लिटरबरोबर पावणेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते आणि नुसत्या जेवणातून ते लवकर भरून निघत नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा तीन महिने, घ्याव्यात. प्लीहा काढलेल्या रुग्णाने न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या आणि इतर लसींविषयी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण अशा माणसाला काही जंतूंची लागण फार लवकर गंभीर होते. ताप आला तर त्याने दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आमच्या त्या तरुणाचे हिमोग्लोबिन सहा आठवड्यांनी १२.८ होते. लोहाच्या गोळ्या तीन महिने पुऱ्या करायला सांगितल्या आहेत.